दर किती होता, किती झाला?

६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला. ही बातमी ‘दर अर्ध्या टक्क्याने उतरला’ अशी देता येते आणि ‘दरात आठ टक्क्यांहून अधिक घट’ अशीही. गणिताने दोन्ही बरोबर. पहिल्या वाक्यात ६ मधून ५.५० वजा केले आहेत. हा फरक टक्केबिंदूंचा. दुसऱ्यात तोच फरक मूळ ६ ने भागला आहे, म्हणून ८.३३ टक्के. वाचकाची फसगत दुसऱ्या वाक्याने होते.

महाडच्या एखाद्या वाचकाचे वीस वर्षांचे २० लाखांचे गृहकर्ज धरू, दर साडेआठ टक्के. हप्ता सुमारे १७,३५६ रुपये. ‘आठ टक्के घट’ वाचून तो महिन्याला चौदाशे रुपये वाचतील असा हिशेब करतो. प्रत्यक्षात बँकेने अर्धा टक्काबिंदू पूर्ण उतरवला, तरी हप्ता १६,७२९ रुपयांवर येतो. बचत सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे हप्त्याच्या साडेतीन टक्क्यांहून किंचित अधिक. कारण रेपोतली घट ६ वर मोजली, कर्जाचा दर मात्र साडेआठ, आणि हप्त्यात मुद्दलही असते. शिवाय बँक अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. पोलादपूरच्या वाचकाचे कर्ज पतसंस्थेचे असेल, तर ते रेपोला बांधलेलेच नसते. हे एक वाक्य बातमीत हवेच.

उलट चूक पीककर्जाच्या बातम्यांत होते. केंद्राच्या योजनेत तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जाचा दर ७ टक्के, आणि वेळेत फेडणाऱ्याला ‘३ टक्के सवलत’. राज्याची वेगळी सवलत इथे बाजूला ठेवू. भातासाठी एक लाख घेतले आणि वर्षाने फेडले, तर व्याज ७,००० ऐवजी ४,००० रुपये. पण ‘व्याजात ३ टक्के सूट’ असे छापले, की त्याचा अर्थ सात हजारांवर फक्त २१० रुपये, म्हणजे भरायचे ६,७९०. शेतकऱ्याला वाटेल, एवढ्यासाठी मुदत पाळायची धडपड कशाला? खरे तर व्याज जवळजवळ ४३ टक्क्यांनी घटते. मथळ्यात तीच संख्या टाकायचा मोह मात्र आवरावा. आधी दर छापावेत.

मथळ्यात ‘टक्केबिंदू’ जड वाटत असेल तर आग्रह नाही. ‘पाव टक्का’, ‘अर्धा टक्का’ लोकांना कळते, फक्त त्याच ओळीत किंवा लगेच खाली दोन्ही दर हवेत: ६ वरून ५.५०, ७ वरून ४. टक्केवारीतला बदल द्यायचाच असेल, तर तो कोणत्या आकड्यावर मोजला तेही लिहा. वृत्तसंस्थेच्या मजकुरात दोन दर नसतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या पत्रकातून काढून घ्या. महाड-पोलादपूरच्या वार्ताहरांना विनंती एवढीच, की पहिला आणि नवा दर लिहिल्याशिवाय व्याजाची बातमी पुढे पाठवू नका.