लाईट गेली की पाणी येतं

१८ डिसेंबर २०२२ रोजी राज्यातल्या सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. त्यात आमचेही गाव होते. दोन दिवसांनी निकाल लागला आणि संध्याकाळपर्यंत दोन पक्षांनी आमचे गाव आपापल्या यादीत टाकले. खरे तर ही निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही. उमेदवाराला कपबशी किंवा शिट्टीसारखे मुक्त चिन्ह मिळते आणि गावात लढतात ती पॅनेल. आमच्याकडे तर एकाच पक्षाचे दोन कार्यकर्ते समोरासमोरच्या पॅनेलमध्ये उभे होते.

त्या निवडणुकीवर लिहायचे म्हणून मी सुट्टी काढून गावी गेलो होतो. माझा पहिला मसुदा सांगायलाही लाज वाटते. कोणते पॅनेल कोणत्या नेत्याचे आणि तीन नंबरच्या वॉर्डातली ‘मुस्लिम मते’ कुठे वळणार, एवढेच त्यात होते. तो वाचून शेजारच्या चाची म्हणाल्या, “मतं कुठं वळतील ते लिहिलंस बेटा. पाणी कुठं वळतं ते बघ.”

तीन नंबरचा वॉर्ड माळाच्या चढावर आहे. आमच्या मोहल्ल्याच्या पुढे मातंग समाजाची घरे आहेत आणि त्यापुढे धनगरांची. तिघांची पाइपलाइन एकच. विरोधी पॅनेलवाले सांगत होते की या लाइनचा निधी खाल्ला गेला. बातमी तयारच होती, पण आधी तपासायचे ठरवले. egramswaraj.gov.in वर कोणत्याही ग्रामपंचायतीचा वर्षाचा आराखडा आणि झालेला खर्च पाहता येतो. तिथे हे काम होते, पैसे दिल्याची नोंदही होती. मात्र पोर्टलवर नोंद दिसते, जमिनीतला पाइप दिसत नाही. माहितीच्या अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते, आणि अर्ज माघारी घेण्याचा दिवस ते मतदान यांत होते अकरा दिवस. म्हणून पाणी सोडणाऱ्या काकांना सोबत घेऊन लाइनच्या बाजूने चालत गेलो. पाइप शेवटच्या घरापर्यंत होता. म्हणजे आरोप खोटा होता. तरीही नळाला पाणी नव्हते.

मग मोजायला बसलो. वीस लिटरची कळशी चावडीजवळच्या नळाला एका मिनिटात भरली, माळावर सहा मिनिटे लागली. दोन्हीकडे पाणी तासभरच सुटते. म्हणजे खाली एका घराला बाराशे लिटर, माळावर दोनशे. शिवाय खाली पाणी दिवसाआड येते, माळावर पाचव्या दिवशी. पाच माणसांचे घर धरले तर खाली माणशी रोज १२० लिटर आणि वर आठ. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी ५५ लिटर आहे.

नुसत्या चढामुळे एवढा फरक पडेल असे वाटेना. उत्तर एका धनगर मावशींनी दिले, “लाईट गेली की आमच्याकडं पाणी येतं.” टाकीतून पाणी उताराने येते, त्याला वीज लागत नाही. मग वीज गेल्यावर वरचे पाणी वाढते, याचा अर्थ खालच्या घरांनी नळाला थेट मोटारी लावल्या आहेत. पुढच्या पाळीला मी आणि काका दारोदार फिरलो. बावीस मोटारी डोळ्यांनी पाहिल्या. दोन्ही पॅनेलच्या उमेदवारांच्या घरी त्या होत्या. सभांमधून कमान, सभामंडप, एलईडी दिवे सगळे बोलले जात होते. पाण्यावर निधी खाल्ल्याच्या आरोपापलीकडे कुणी का जात नव्हते, ते तेव्हा कळले.

सरपंचपदाच्या दोन्ही उमेदवारांना तेच तीन प्रश्न विचारले. मोटारी कधी काढणार, सुरुवात कुणाच्या घरापासून, आणि माळासाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवून पाण्याचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार का? एकाने “निवडून आल्यावर बघू” म्हटले. दुसऱ्या ताईंनी पतीकडे पाहिले, थोडे थांबल्या आणि म्हणाल्या, “आमच्या घरापासून काढू, पण व्हॉल्व्हचं ग्रामसभेत ठरवावं लागेल.” दोन्ही उत्तरे जशीच्या तशी छापली. कोण चांगले, हे लिहिले नाही.

मोटारवाल्यांची नावे छापायची का, यावर मी रात्रभर अडखळलो. शेवटी आकडा दिला आणि दोन्ही पॅनेलचे उमेदवार त्यात आहेत एवढे लिहिले. नाते मात्र एकच उघड केले. बावीसपैकी एक मोटार माझ्या सख्ख्या चाचांची होती. ते लपवले असते तर माळावरच्या लोकांनी बाकीचे एकवीसही खोटे मानले असते. चाचा अजून माझ्याशी मोजकेच बोलतात. मोटार त्यांनी काढली, पण चाचींनी सांगितल्यावर.