मळीचा भाव कोण ठरवतो?

साखर कारखान्याच्या अहवालात एक चमत्कार हमखास दिसतो. साखर विभाग तोट्यात, शेजारची डिस्टिलरी मात्र फायद्यात. मग लोक म्हणतात, साखरेत काही राम राहिला नाही, खरा पैसा इथेनॉलमध्ये आहे. (डिस्टिलरी म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात, पण इथे मी पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलबद्दलच बोलतोय.) माझं म्हणणं आहे की निष्कर्ष काढण्याआधी एक प्रश्न विचारा. साखर विभागाने डिस्टिलरीला मळी कोणत्या दराने दिली?

समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. कारखान्याने 10 लाख टन ऊस गाळला आणि 40 हजार टन मळी निघाली. बाहेर ती टनाला 9 हजाराने विकली गेली असती, पण डिस्टिलरीच्या खात्यावर 5 हजाराने लिहिली. साखर विभागाला 10 कोटींचा तोटा, डिस्टिलरीला 20 कोटींचा नफा. आता बाजारभाव लावा. टनामागे 4 हजार, म्हणजे 16 कोटी इकडून तिकडे सरकतात. साखर विभाग 6 कोटी नफ्यात येतो आणि डिस्टिलरीकडे 4 कोटीच उरतात. कारखान्याचा एकूण नफा दोन्ही वेळा 10 कोटीच. एक रुपयाही नवा आला नाही, पण 20 कोटी दाखवून डिस्टिलरीच्या विस्तारासाठी कर्ज काढता येतं. 4 कोटींवर ते कोण मंजूर करेल?

यात शेतकरीही येतो. रंगराजन समितीने 2012 मध्ये सुचवलं की साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या पहिल्या टप्प्यातील उपपदार्थांच्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा उसाला मिळावा. डिस्टिलरीचं उत्पन्न त्यात नाही. म्हणून मळीचा दर पाडला की वाटपाची रक्कमच आटते. वरच्या उदाहरणात 16 कोटींचे 70 टक्के म्हणजे 11 कोटी 20 लाख, अर्थात टनाला 112 रुपये. मात्र सूत्राने निघणारा दर एफआरपीपेक्षा कमीच असेल, तर किमान दर एफआरपीच राहतो आणि हा फरक शेतकऱ्याच्या हाती येत नाही.

बाजारभाव हाच नेहमी न्याय्य असं मी म्हणत नाही. बाहेर विकायची तर टँकरचं भाडं लागतं, आणि ते वजा करायला हवं. जवळपास गिऱ्हाईकच नसेल तर 9 हजार हा आकडा कागदीच. पण त्याच महिन्यात कारखान्याने थोडी मळी निविदेने बाहेर विकली असेल, तर तो दर आणि आतला दर शेजारी ठेवून पाहता येतात. आतला दर एका वर्षात एकदम बदलला, विभागांचे नफे उलटेपालटे झाले आणि बेरीज जवळपास तीच राहिली, तर समजावं की बदल धंद्यात नाही, दरात आहे.

शेअर बाजारातील कंपन्यांना विभागवार आकड्यांखाली अंतर्गत व्यवहारांचा आधार सांगावा लागतो. सहकारी कारखान्याच्या सभासदाने वार्षिक सभेत तेवढंच मागावं: मळीचा दर, बगॅसचा दर आणि ते ठरवणाऱ्याचं नाव.