‘आमच्या नावाने फेक पेज सुरू आहे’: या कॅप्शनच्या मागचा कॅश ऑन डिलिव्हरीचा खेळ

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर साड्या, चपला, मसाले विकणाऱ्या दुकानांच्या पेजवर सध्या एक पोस्ट हमखास दिसते. ‘सावधान! आमच्या नावाने फेक पेज चालू आहेत. आम्ही कॅश ऑन डिलिव्हरी देत नाही. ऑर्डरसाठी फक्त खालील नंबरवर संपर्क करा.’ आपण वाचतो आणि पुढे जातो. पण पैसे दारात पार्सल आल्यावरच द्यायचे असतील, तर फसवणूक होते कशी?

एक उदाहरण घेऊ. समजा, येवल्यात पैठणीचं एक दुकान आहे. दुकानदार रोज साड्यांचे व्हिडिओ टाकतो. ठग तेच व्हिडिओ उतरवून घेतो, दुकानाच्या नावात एखादं अक्षर बदलून पेज काढतो आणि जाहिरात चालवतो: ‘स्टॉक क्लिअरन्स, पैठणी ९९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी.’ व्हिडिओत आवाज आणि दुकान खरं, त्यामुळे शंका येत नाही. आठवड्याने पार्सल येतं. डिलिव्हरी बॉय सांगतो, आधी पैसे, मग पार्सल. उघडल्यावर आत निघते शे-दोनशे रुपयांची सिंथेटिक साडी. पेजवर मेसेज केला की ब्लॉक. मग चिडलेला ग्राहक फोन करतो तो येवल्याच्या खऱ्या दुकानदाराला!

ठगाला कॅश ऑन डिलिव्हरी आवडते ती यासाठीच. ‘आधी पैसे मागत नाहीत म्हणजे खरे असतील’ असं आपल्याला वाटतं. शिवाय पैसे घेतो कुरिअरवाला. ती रक्कम कुरिअर कंपनी काही दिवसांनी पाठवणाऱ्याच्या खात्यात जमा करते. म्हणजे तुमच्या आणि ठगाच्या बँक खात्याचा थेट संबंधच येत नाही.

मग दुकानाच्या इशाऱ्याचा उपयोग किती? खरं सांगायचं तर अर्धाच. हा इशारा दिसतो मुख्यतः दुकानाच्या फॉलोअर्सना, आणि फेक जाहिरात जाते दुकान माहीत नसलेल्या लोकांकडे. त्यात ठग कधी कधी इशाऱ्याची पोस्टही उचलतो आणि खाली स्वतःचा नंबर टाकतो. म्हणून ज्या पेजवर शंका आहे, त्याच पेजवरच्या नंबरवरून खात्री करू नका. दुकानाचं जुनं बिल, पिशवी किंवा दुकानात जाऊन आलेली ओळखीची व्यक्ती, यांच्याकडून नंबर मिळवा.

पेज तपासायला दोन मिनिटं पुरतात. फेसबुक पेजच्या माहितीत Page transparency उघडा. पेज कधी तयार झालं, आधी त्याचं नाव काय होतं, हे तिथे कळतं. ‘तीन पिढ्यांचं दुकान’ म्हणवणारं पेज गेल्या महिन्यात निघालं असेल, किंवा आधी मोबाइल कव्हर विकत असेल, तर विषय संपला. वेबसाइट असेल तर जीएसटी क्रमांक शोधा आणि services.gst.gov.in वर टाकून नाव जुळतं का पाहा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. पण ठग खऱ्या दुकानाचा क्रमांकही चोरू शकतो, त्यामुळे फक्त यावर विसंबू नका.

पार्सल दारात आलं, तर पैसे देण्याआधी लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव वाचा. ऑर्डर येवल्याची आणि पाठवणारा भलत्याच राज्यातला, भलत्याच नावाचा असेल तर सरळ परत पाठवा. न मागवलेलं पार्सलही घेऊ नका, आणि ‘ऑर्डर कॅन्सल करतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका.

पैसे दिलेच असतील, तर त्याच दिवशी लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर देऊन कुरिअर कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पाठवणाऱ्याची रक्कम रोखायला सांगा. रक्कम पुढे गेलेली नसेल तर आशा असते. मग लेबल, पार्सल आणि जाहिरातीचे फोटो जोडून cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. रिफंडच्या नावाखाली कुणी खात्यातूनच पैसे काढले, तर मात्र लगेच १९३० वर फोन करा. रिफंड घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

दुकानदारांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. नावाचा ट्रेडमार्क नोंदवलेला नसला तरी तुम्ही स्वतः काढलेल्या व्हिडिओचा कॉपीराइट तुमचाच असतो. त्यामुळे फेक पेजबद्दल नुसता ‘रिपोर्ट’ करून थांबू नका. मूळ व्हिडिओची लिंक देऊन मेटाच्या कॉपीराइट फॉर्मवरही तक्रार करा. आणि कॅप्शनमध्ये ‘सावधान’ एवढंच न लिहिता फेक पेजचं नेमकं नाव, त्याचा स्क्रीनशॉट आणि तुमच्या बिलावर छापलेला नंबर द्या. ग्राहकाला जुळवून पाहता येईल असं काहीतरी हातात हवं ना!