दादर ते वांद्रे टर्मिनस: पस्तीस मिनिटं?

परवा आईला घेऊन सावंतवाडीहून बडोद्याला गेलो. पनवेल-वसईमार्गे थेट जाणाऱ्या गाड्या फुल्ल होत्या, म्हणून दोन तिकिटं काढली. रात्रीच्या गाडीनं दादर, सकाळी ६:४५. मग वांद्रे टर्मिनसहून ८:५० ची गाडी. मोबाइलवरचा नकाशा म्हणाला, दादर ते वांद्रे टर्मिनस पस्तीस मिनिटं. हातात दोन तास पाच मिनिटं. मी खूश!

गाडी ५० मिनिटं उशिरा आली. ७:३५. तरी सव्वा तास होता की.

पण बर्थखालून दोन बॅगा ओढून, आईला सांभाळत उतरेपर्यंत ७:४२ झाले. दादरला आता प्लॅटफॉर्मचे नंबर सलग आहेत (डिसेंबर २०२३ पासून): १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्यचे. आम्ही मध्यच्या बाजूला, जायचं पश्चिमच्या. बॅगांसकट पूल, लोकलचं वेगळं तिकीट, परत जिना... ८:०२. खारला फास्ट लोकल थांबत नाही, त्यामुळे स्लोची वाट बघितली. ८:१० ला मिळाली, ८:२५ ला खार.

खारच का? तर वांद्रे टर्मिनस हे वांद्रे लोकल स्टेशनपासून वेगळं आहे. नवख्या माणसाची इथेच गल्लत होते. वांद्र्याला उतरलात तर पुढे रिक्षा करावी लागते. २०२२ मध्ये खार स्टेशनपासून टर्मिनसपर्यंत पादचारी पूल झाला, तो बरा पडतो. बरा म्हणजे माझ्यासारख्याला. आई पुलाच्या मध्यावर बॅगेवर टेकली आणि म्हणाली, "तू हो पुढे, मी येते हळूहळू."

तिला सोडून पुढे जाऊन मी करणार काय होतो?

टर्मिनसला ८:४०. आमचा डबा दुसऱ्या टोकाला. मिळेल त्या डब्यात चढलो आणि आतून चालत गेलो. बडोदा येईपर्यंत आई फारसं बोलली नाही.

टॅक्सी का नाही केली, असं बहिणीनं विचारलंच. दादरला रिक्षा नाहीत, टॅक्सी मिळते. पण सकाळी कलानगरच्या आसपास किती वेळ अडकाल हे कुणी सांगू शकत नाही. गाडी गाठायची असताना मला लोकलच भरवशाची वाटते.

आता सांगायचा मुद्दा. माझ्या हिशोबात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या होत्या. एक, स्टेशन बदलायला लागणारा वेळ. तो बर्थवरून उठल्यापासून टर्मिनसपर्यंत मोजायचा, आणि बरोबरच्या सगळ्यात हळू माणसाच्या चालीनं. आमचा भरला ६५ मिनिटं. नकाशा एकट्या, रिकाम्या हाताच्या माणसाचा वेळ सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या गाडीचा उशीर. आम्ही सॉफ्टवेअरवाले इथे हमखास सरासरी काढतो, आणि तिथेच फसतो. समजा, गेल्या दहा दिवसांत गाडी आठ दिवस २० मिनिटं लेट होती आणि दोन दिवस ७० मिनिटं. सरासरी आली ३०. पण ३० मिनिटं उशीर एकाही दिवशी झालेला नाही! दहातले दोन दिवस म्हणजे काही अपवाद नव्हे. तेव्हा ७० धरायचे. गाडी रोज खरी किती वाजता पोचली हे अ‍ॅपवर दिसतं, दहा-पंधरा दिवसांचं बघून ठेवावं.

म्हणजे ६५ अधिक ७०, अधिक डबा शोधायला २०. झाले दोन तास पस्तीस मिनिटं. मी ठेवले होते दोन तास पाच. पावसाळ्यात कोकणातल्या गाड्या मुद्दाम हळू चालवतात, वेळापत्रकच वेगळं असतं. त्यामुळे जानेवारीचा अनुभव जुलैत वापरू नये.

अजून एक. हेच दादर-खार सकाळी जमलं कारण गर्दी उलट्या दिशेला, चर्चगेटकडे असते. संध्याकाळी सहा-साडेसहाला बॅगा आणि आई घेऊन दादरहून उत्तरेकडच्या लोकलमध्ये शिरणं मी विचारातही घेणार नाही. तेव्हा टॅक्सी, आणि वर अजून तासभर.

२०१९ पासून दोन पीएनआर एकमेकांना जोडता येतात. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर नियमात बसल्यास न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. जरूर जोडा. पण परत मिळतात ते पैसे. त्या दिवशीचा बर्थ नाही.

"टर्मिनसवर दोन तास बसून काय करायचं?" असं मी नेहमी म्हणायचो. परतीच्या प्रवासात मध्ये साडेतीन तास ठेवले. गाडी वेळेवर आली, म्हणून दादरला निवांत बसून दोन चहा झाले. आईनं पुलावरचा विषय काढला नाही. मीही नाही. :)