पंचाहत्तर टक्क्यांआड दडलेली चूक

सहावी-सातवीतल्या मुलाला गणितात जरा हात द्यावा म्हणून मोबाइलवर सरावाचं अ‍ॅप घेतलं, की घरच्यांची नजर पहिल्यांदा जाते ती टक्क्यांवर. ‘७५ टक्के बरोबर’ असं दिसलं की जीव भांड्यात पडतो. दशांश अपूर्णांकांत मात्र या आकड्यावर विसंबू नये. इथे मूल मुळातच चुकीचा नियम धरून बसलेलं असतं आणि तरीही त्याची बरीच उत्तरं बरोबर येतात.

माझी भाची इथेच आजऱ्यात सहावीला आहे, सेमी-इंग्रजीत. मुलगी मन लावून अभ्यास करणारी, पण गणिताच्या तासाला गप्प. वहिनीनं मला तिच्यासोबत बसायला सांगितलं. अ‍ॅपवर लहान-मोठी दशांश संख्या ओळखण्याचा सराव चालला होता आणि गुण चांगले पडत होते. मी मोबाइल बाजूला ठेवला, वहीत ०.५ आणि ०.४५ लिहिलं आणि विचारलं, यातलं मोठं कोणतं? तिनं लगेच ०.४५ वर बोट ठेवलं. कसं ठरवलंस, म्हटलं. ती म्हणाली, ‘‘आत्या, पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे की!’’

दशांश चिन्हाच्या उजवीकडचा भाग ती साधी पूर्ण संख्या म्हणून वाचत होती. आता हाच नियम घेऊन अ‍ॅपपुढे बसलेलं मूल डोळ्यांपुढे आणा. पहिली जोडी ०.४५ आणि ०.३. पंचेचाळीस तिनापेक्षा मोठे, उत्तर बरोबर. दुसरी ०.६२ आणि ०.१८, बरोबर. तिसरी ०.९ आणि ०.२, बरोबर. चौथी ०.७ आणि ०.२५, इथे मात्र चूक. चारपैकी तीन, म्हणजे ७५ टक्के. खान अकॅडमीवर ७० टक्क्यांच्या वर गेलं की त्या घटकापुढे Familiar लिहून येतं आणि सगळी उत्तरं बरोबर आली की Proficient. ही पद्धत वाईट नाही. पण चौथ्या जोडीतली चूक घाईची की समजुतीची, हे टक्क्यांवरून कळत नाही. आईवडिलांना वाटतं, एकच चुकलं, घाई झाली असेल. खरं तर चारही ठिकाणी विचार तोच होता.

त्यामुळे अ‍ॅप उघडण्याआधी कागदावर सहा जोड्या लिहाव्यात. पहिल्या दोन अशा की जास्त अंकांची संख्या खरोखरच मोठी आहे: ०.४५ आणि ०.३, ०.८६ आणि ०.७. पुढच्या तीन अशा की जास्त अंकांची संख्या लहान आहे: ०.४५ आणि ०.५, ३.६२ आणि ३.७, ०.१२५ आणि ०.२. शेवटची ०.४ आणि ०.४०. किती बरोबर आल्या ते मोजत बसू नका, कोणत्या गटातल्या चुकल्या ते बघा. पहिला गट बरोबर आणि दुसरा चूक, तर मूल माझ्या भाचीसारखं ‘जास्त अंक म्हणजे मोठी संख्या’ असं धरून चाललं आहे. उलट पहिला गट चूक आणि दुसरा बरोबर, अशीही मुलं असतात. शतांश हा दशांशापेक्षा लहान, हे त्यांनी ऐकलेलं असतं. त्यावरून शतांशापर्यंत गेलेली कोणतीही संख्या लहानच, असं ती ठरवून टाकतात. दोघांचे अ‍ॅपवरचे टक्के सारखे असू शकतात, पण दोघांना समजावायचं मात्र वेगवेगळं. दोन्ही गट बरोबर आले आणि ०.४० मात्र ०.४ पेक्षा मोठं वाटलं, तर शून्याचं काम तेवढं राहिलं आहे.

या चुकीला आपलं वाचणंही हातभार लावतं. घरात आपण ‘पॉइंट पंचेचाळीस’ म्हणतो, सेमीच्या वर्गात ‘पॉइंट फॉर्टी फाइव्ह’ कानावर पडतं. मुलाला त्यात पंचेचाळीसच ऐकू येणार. शून्य दशांश चिन्ह चार पाच, असा एकेक अंक सुटा वाचायची सवय घरातल्या मोठ्यांनी आधी लावून घ्यावी.

समजावताना बहुतेक जण रुपये-पैशांकडे वळतात. ते मला पटत नाही. १२.५ मुलं सरळ ‘बारा रुपये पाच पैसे’ वाचतात आणि चूक आणखी घट्ट होते. शिवाय पैसे दोन घरांपाशी संपतात, ०.१२५ त्यात बसत नाही. त्यापेक्षा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चांगला. आम्ही बाजारातून काजूगर घेताना भाचीला काट्यासमोर उभं केलं. अर्ध्या किलोला काटा ०.५०० दाखवतो, साडेचारशे ग्रॅमला ०.४५०. पाचशे ग्रॅम मोठे हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. घरी येऊन तिनंच वहीत ०.५ च्या पुढे दोन शून्यं लिहिली आणि मग ०.४५ कडे बघत राहिली.

पण इथे थांबलं तर पोर फक्त शून्यं जोडायची युक्ती शिकेल. खरी परीक्षा संख्यारेषेवर होते. शून्य ते एक अशी रेषा काढा, तिचे दहा समान भाग करा आणि ०.५, ०.४५, ०.०८ कुठे येतात ते दाखवायला सांगा. ०.०८ जर ०.८ च्या जवळ गेलं, तर स्थानिक किंमत अजून पक्की नाही. मग पाचवीच्या पुस्तकातल्या दशांशाकडे परत जावं. अ‍ॅपमध्येही सहावीचा हट्ट सोडून खालच्या इयत्तेचा संख्यारेषेचा सराव आधी द्यावा, लहान-मोठ्याची तुलना नंतर.

आता अ‍ॅपची खरी गरज लागते, कारण इतक्या जोड्या रोज आपण कुठून काढणार? खान अकॅडमीवर गणित मराठीतही आहे. मूल सेमीत असलं तरी समजून घेताना मराठी आणि सरावाला इंग्रजी, असं चालतं. तिथे हिंट घेतली की तो प्रश्न बरोबर धरला जात नाही, म्हणून मुलं हिंट टाळून अंदाज ठोकतात. त्या दिवशीच्या टक्क्यांवर पाणी सोडू, असं आपणच सांगावं आणि हिंट वाचू द्यावी. आमच्याकडे वाडीवस्तीवर रेंजची बोंब, आणि मोबाइल संध्याकाळी वडिलांबरोबर घरी येतो. अशा घरांसाठी दीक्षा अ‍ॅप सोयीचं आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यात स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, आणि रेंज असेल तिथे ते आधी उतरवून ठेवता येतं. फोटो काढला की उत्तर देणारी अ‍ॅप्स या कामाची नाहीत. ती गणित सोडवून दाखवतात, मुलानं काय विचार केला ते दाखवत नाहीत. घड्याळ लावून पळवणारे खेळही सध्या नकोत. घाईत मूल जुन्याच नियमाकडे धाव घेतं.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. शेजारी वही हवी, आणि दर दोन-तीन प्रश्नांनी ‘कसं ठरवलंस?’ हे विचारणारं कुणीतरी हवं. उत्तर बरोबर आलं तरीही विचारायचं.

दोन आठवड्यांनी नव्या संख्या घेऊन सहा जोड्या पुन्हा द्या. चुका त्याच गटात राहिल्या असतील तर तो कागद घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. अ‍ॅपचे टक्के त्यांना दाखवू नका, कागदच दाखवा. कोणत्या गटात चुकतंय हे बघून कुठून सुरुवात करायची ते त्यांना ठरवता येईल.