उशिरा आलेला डाग म्हणजे पाळीच असे नाही



आपल्या घरांतील स्त्रिया पाळीचे दिवस नीट मोजतात. नमाज कधी सोडायची, गुस्ल कधी करायचे, रमजानमधील किती रोजे कझा झाले, यासाठी तारीख लक्षात ठेवावीच लागते. हीच सवय एका जीवघेण्या आजाराची सर्वांत आधी खबर देऊ शकते. तारीख उलटून गेल्यावर थोडेसे रक्त दिसले की "चला, आली एकदाची" असे म्हणून आपण मोकळ्या होतो. या महिन्यात आम्ही त्याच थोड्याशा रक्ताविषयी लिहीत आहोत.

गर्भ धरतो तो गर्भपिशवीला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या नळ्यांपैकी एकीत. तेथून तो काही दिवसांत सरकत पिशवीत येतो आणि रुजतो. कधी कधी मात्र वाटेत अडकून तो नळीतच रुजतो. याला डॉक्टर 'एक्टोपिक प्रेग्नन्सी' म्हणतात. शंभर गर्भधारणांत साधारण एक-दोन अशा असतात. पिशवी गर्भाबरोबर वाढते, नळी तशी वाढू शकत नाही. ती ताणली जाते, दुखू लागते आणि शेवटी फुटते. हे बहुधा शेवटच्या पाळीपासून सहाव्या ते आठव्या आठवड्यात घडते, म्हणजे पुष्कळदा बाईला आपण गरोदर आहोत याचा पत्ताही नसतो तेव्हा.

हे कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. अठ्ठावीस वर्षांची एक भगिनी आहे. एक मूल आहे, पती आखातात नोकरीला असून नुकताच रजा संपवून परत गेला आहे. तिची पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते. या वेळी तारीख उलटून नऊ दिवस झाले आणि दहाव्या दिवशी तपकिरी डाग दिसला. तिने तो हैज समजून नमाज सोडली. पण नेहमीसारखा जोर नव्हता. दोन दिवस झाले तरी एक पॅडही भरले नाही. उजवीकडे खाली, ओटीपोटात दुखू लागले. सासूबाईंनी ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली. दुखणे थोडे कमी झाले, पण बाजू तीच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी एकदम जोराची कळ आली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली. आडवे केल्यावर म्हणू लागली की खांदा दुखतोय. अंग गार पडले, घाम सुटला.

खांदा का दुखतो? नळी फुटली की रक्त पोटात साचते. ते वर सरकून छाती आणि पोट यांच्यामधील पडद्याला लागते आणि त्या पडद्याच्या नसेची वेदना खांद्याच्या टोकाला जाणवते. बाहेर मात्र तोच थोडासा डाग. या आजाराचा धोका इथेच आहे. अंगावरून किती जाते यावर आत किती रक्त गेले हे कळत नाही. पोटात लिटरभर रक्त साचले तरी कपड्यावर दोन थेंबच दिसू शकतात.

आता हेच उदाहरण मागे नेऊ. दहाव्या दिवशी डाग दिसला, त्याच दिवशी मेडिकलमधून लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आणली असती तर बहुधा दोन रेषा दिसल्या असत्या. टेस्टमध्ये गर्भ आहे आणि एका बाजूला दुखते किंवा डाग जातो, एवढे कळले की त्याच दिवशी सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात जायचे. तेथे गर्भ पिशवीत आहे की नाही ते पाहतात. दिवस फार थोडे झाले असतील तर सोनोग्राफीत काहीच दिसत नाही. तेव्हा रक्तातील 'बीटा एचसीजी' तपासतात आणि ४८ तासांनी पुन्हा तपासतात. तो हवा तसा वाढत नसेल तर शंका बळावते. दुसऱ्या तपासणीला जाणे म्हणून टाळू नये. पहिल्या दिवशी "काही दिसत नाही" याचा अर्थ "काही नाही" असा होत नाही.

वेळेत कळले, नळी फुटलेली नसली आणि गर्भ लहान असला तर मेथोट्रेक्झेट नावाच्या इंजेक्शनने काम होऊ शकते. त्यानंतर रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. एरवी दुर्बिणीने ऑपरेशन करून बहुधा ती नळी काढतात. नळी फुटली असेल तर तातडीचे ऑपरेशन आणि रक्त द्यावे लागते. दुसरी नळी चांगली असल्यास पुढे दिवस राहू शकतात. मात्र पुढच्या वेळी पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी करावी, कारण हे पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

एक गोष्ट ठासून सांगतो. सोनोग्राफी न करता मेडिकलमधून पाळी आणण्याच्या किंवा गर्भ पाडण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. त्या गोळ्यांचा नळीतील गर्भावर उपयोग होत नाही. पिशवीतून रक्त जाते, बाईला वाटते मोकळी झाले, आणि नळीतील गर्भ वाढतच राहतो.

पूर्वी नळीत गर्भ राहिलेल्या, नळीचे किंवा नसबंदीचे ऑपरेशन झालेल्या, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा क्षयरोग होऊन गेलेल्या, तांबी असताना दिवस राहिलेल्या भगिनींनी अधिक सावध राहावे. पण यांतले काहीच नसताना हा आजार झालेल्या स्त्रियाही पुष्कळ आहेत. म्हणून "मला कसे होईल?" असे म्हणू नये.

काही घरांत विचारतात, हा गर्भपात तर नव्हे? नळीतील गर्भाला पूर्ण दिवसांपर्यंत वाढायला जागाच नसते, आणि तो उचलून पिशवीत ठेवण्याचा उपाय वैद्यकाजवळ नाही. वाचवता येतो तो आईचा जीव, आणि जीवाचे रक्षण हा शरीअतच्या मूळ उद्देशांपैकी एक आहे. लेडी डॉक्टर मिळाली तर उत्तम. नसेल तर अशा निकडीच्या वेळी शरीअतने सवलत ठेवली आहे. डाग हैज की इस्तिहाजा, हा मसला आपल्या मसलकाच्या आलिमांना जरूर विचारावा. पण टेस्ट आधी करावी, कारण गर्भ आहे की नाही हे कळल्याशिवाय तेही नीट उत्तर देऊ शकणार नाहीत.

सासूबाईंना आणि घरातील पुरुषांना आमची विनंती आहे. पाळी उशिरा झालेली बाई चक्कर येऊन पडली, खांदा दुखतो म्हणाली किंवा पोटात असह्य कळ आली, तर आखातातून फोन येण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. पोहोचताच पहिले वाक्य हे सांगा: "पाळी इतके दिवस चुकली आहे." एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांचे लक्ष योग्य जागी जाते.