चार गायी कुठं पाठवणार?

बेळगावजवळच्या एका ओळखीच्या गोठ्यात ४० संकरित गायी आहेत. मालकाच्या मुलानं सगळ्यांची ए-वन, ए-टू तपासणी करून घेतली आणि कागद माझ्यापुढं धरला. “काकू, सत्तर टक्के ए-टू निघालं. बाकीच्या काढून टाकतो.”

कागदावर २० गायी शुद्ध ए-टू, १६ मिश्र, ४ शुद्ध ए-वन.

अरे, सत्तर टक्के हा आकडा गायींचा नव्हेच! दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रत्येक गायीत दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. चाळीस गायींच्या ८० प्रती झाल्या. शुद्ध वीसांच्या ४०, मिश्र सोळांची एकेक, अशा ५६ प्रती ए-टू. छप्पन्नला ऐंशीनं भागलं की ०.७ येतात. पण निव्वळ ए-टू दूध देणाऱ्या गायी निम्म्याच, कारण मिश्र गायीच्या दुधात दोन्ही प्रथिनं उतरतात. ‘सत्तर टक्के ए-टू’ म्हणून जादा दर घेणं ही फसवणूक आहे. (म्हशीचं दूध तर ए-टूच असतं, बायांनो. त्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे?)

आणि हा सगळा फरक केवढा? २०९ अमिनो आम्लांच्या साखळीत ६७ व्या जागी ए-टूत प्रोलीन, ए-वनमध्ये हिस्टिडीन. ए-वननं आजार होतात, हा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २००९ साली सांगितलं. एवढ्यावर चार गायी, की वीस गायी, गोठ्याबाहेर? विकलेली गाय ‘दुसऱ्या शेतकऱ्याकडं जाते’ असं सगळेच सांगतात. पुढचं कोणी बघत नाही. आपण सकाळी मंदिरात जाऊन येतो आणि संध्याकाळी पांजरपोळाला पावती फाडतो.

खरं तर काढायची गरजच नाही. सगळ्या गायींना शुद्ध ए-टू वळूचं रेतन करा. ए-वन गाईची कालवडही मिश्रच होईल, शुद्ध ए-वन एकही जन्मणार नाही. कालवडींत ए-वनचं प्रमाण ०.३ वरून ०.१५ वर येईल, त्यांच्या पोटच्यांत ०.०७५ वर. वळू मात्र एकच वर्षानुवर्षं नको, रक्त जवळ येतं. वेळ लागतो हे खरं. कालवड दुधावर यायला तीनेक वर्षं जातात.

कागदावरही डोळे मिटून विश्वास नको. शेपटीचे केस मुळासकट उपटून, गाईगणिक वेगळ्या पाकिटात घालायचे असतात. कापलेल्या केसाला मूळ नसतं, मग डीएनए पुरेसा मिळत नाही. आणि दोघींचे केस एकत्र झाले तर शुद्ध गायही मिश्र दिसू शकते. आई-लेकींचे निकाल शेजारी ठेवा. शुद्ध ए-वन गाईची लेक शुद्ध ए-टू निघाली, तर पाकीट बदललंय किंवा वंशनोंद खोटी आहे.

त्या मुलाच्या वहीत अशी एक जोडी सापडलीच. त्या चारांपैकीच एक होती. आता तिचे केस पुन्हा पाठवलेत.